पलंगापासून बाथरूमपर्यंत

पासष्टी ओलांडलेल्या दर तीन माणसांपैकी जवळपास एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे आई-वडिलांची काळजी म्हणजे त्यांना रस्ता ओलांडताना हात देणं, जिन्यावर सोबत करणं. पण यातलं बरंच पडणं घरातच होतं. त्यातही माझ्या मते सगळ्यात आधी बघायला हवी ती रात्री पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जाण्याची वाट.

जुन्या सोसायटीतला एखादा दोन खोल्यांचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. आजींचं वय 78. ब्लडप्रेशरची गोळी चालू, मधुमेह जुना. रात्री दोनला लघवीला जाग येते. घाई असते, म्हणून त्या उठतात तशाच चालू लागतात. कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा लावत नाहीत. पायात झिजलेली स्लीपर. बाथरूमच्या दारात पायपुसणं, त्यापुढे दीड इंच उंच संगमरवरी पट्टी. घरातल्या कुणीतरी उशिरा येऊन अंघोळ केलेली, त्यामुळे आतली फरशी ओली. तोल जातो तेव्हा हात जातो टॉवेलच्या दांडीकडे, आणि ती भिंतीतून उपटून हातात येते. घरच्यांना शेवटी दिसते ती फक्त ओली फरशी. त्याआधीच्या चार गोष्टी तशाच राहतात.

सुरुवात पलंगापासूनच करू. आडवं असलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. वय झाल्यावर शरीराला ते सावरायला वेळ लागतो, आणि ब्लडप्रेशरच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी तो आणखी वाढतो. म्हणून आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडून घोटे हलवायचे, मिनिटभर थांबायचं आणि मग उठायचं. घरात बीपीचं यंत्र असेल तर एक तपासणी जरूर करा. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी कुणीतरी शेजारी उभं राहायलाच हवं. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने कमी करू नका. गोळीची वेळ किंवा प्रमाण बदलायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता उजेड. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आतलं भिंग पिवळट, धूसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. त्यामुळे मुलगा "एवढा उजेड आहे की" म्हणतो तेव्हा तो त्याच्या डोळ्यांपुरतं खरं बोलत असतो. शिवाय अंधारातून एकदम पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर ट्यूबलाइट लागली की डोळे दिपतात आणि पुढचे काही क्षण काहीच नीट दिसत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हालचाल होताच आपोआप लागणारे छोटे पिवळसर दिवे. ते गुडघ्याच्या उंचीवर किंवा त्याहून खाली लावावेत, म्हणजे प्रकाश जमिनीवर पडतो, डोळ्यांत जात नाही. एक पलंगाजवळ, एक पॅसेजमध्ये, एक बाथरूमच्या दाराशी. मध्ये अंधाराचा तुकडा राहता कामा नये. वीज जात असेल तिथे चार्जिंगचे घ्या.

दारातली पट्टी हे आपल्या घरांचं खास दुखणं आहे. पांढऱ्या फरशीवरची पांढरी पट्टी वरून पाहताना सपाटच दिसते. ती काढून टाकली तर बाथरूमचं पाणी बाहेर येतं, म्हणून अनेकांना ते जमत नाही. मग निदान तिच्या कडेवर गडद किंवा पिवळ्या रंगाची रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे पायरी कुठे आहे ते कळेल. आणि ते पायपुसणं उचला. रबरी तळाचं, जमिनीला चिकटून बसणारं असेल तरच राहू द्या.

पायांत काय असावं, यावर घरोघरी वाद होतात. घरात चप्पल नको, असं अनेक आज्या म्हणतात. देवघर आणि स्वयंपाकघराबद्दलची त्यांची भावना मान्य. पण अनवाणी किंवा नुसते मोजे घालून चालणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचा धोका जास्त आढळला आहे. घरासाठी म्हणून वेगळी, बाहेर कधीच न नेलेली चप्पल ठेवली तर बहुतेकींची हरकत मिटते. ती मागे पट्टा असलेली हवी, म्हणजे टाच सुटत नाही आणि पाय फरफटत नाही. तळवा पातळ, घट्ट आणि खालून खाचा असलेला हवा. जाड मऊ सोल आरामाचा वाटतो, पण त्याने पायाखालची जमीन नीट कळत नाही. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांना तर नाहीच. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जुनी चप्पल उलटी करून बघा. टाचेखालच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर ती टाकून द्या.

बाथरूममध्ये पाण्यापेक्षाही निसरडा असतो तो साबण आणि खोबरेल तेलाचा थर. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. आठवड्यातून दोनदा तरी फरशी डिटर्जंटने घासा आणि प्रत्येक अंघोळीनंतर वायपरने पाणी ओढा. बुटक्या पाटावरून उठणं गुडघ्यांना जड जातं. त्याऐवजी रबरी बुचांचं, गुडघ्याच्या उंचीचं स्टूल घ्या आणि बादलीही छोट्या स्टुलावर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही.

आधाराचा दांडा कुठे बसवायचा, हे ठरवण्याआधी एक दिवस आजींच्या मागे मागे चाला आणि त्यांचा हात कुठे कुठे जातो ते पाहा. बहुतेक घरांत भिंतीवर, दाराच्या चौकटीवर त्याच ठिकाणी तेलकट डाग पडलेले असतात. नळ, बेसिनची कड, टॉवेलची दांडी, जिथे हात आपसूक जातो तिथे खरा दांडा हवा. कमोडच्या बाजूला एक आणि अंघोळीच्या जागी एक, एवढे तरी हवेतच. दांडा मुठीत पूर्ण मावेल एवढ्याच जाडीचा घ्या. रबराने चिकटवायचे दांडे टाइल्सच्या सांध्यावर हवा धरत नाहीत आणि नेमके गरजेच्या वेळी सुटतात. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग आणि स्क्रू धरत नाही, भिंत कसली आहे हे विचारूनच मिस्त्रीकडून मजबूत अँकर बसवून घ्या. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने त्याला जोर लावून ओढून पाहावं.

शेवटचं काम कडीचं. दार आत उघडत असेल आणि माणूस दारामागे पडलं, तर बाहेरून ते ढकलता येत नाही. शक्य असेल तर दार बाहेर उघडेल असं करून घ्या. निदान आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येणारं लॉक लावा.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर हात धरून लगेच उभं करू नका. एक पाय आखूड दिसत असेल, पंजा बाहेर वळला असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तसंच पडून राहू द्या, पांघरूण घाला आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस हसतं-बोलतं दिसलं तरी त्याच रात्री दवाखान्यात न्या. आतला रक्तस्राव काही तासांनीही दिसू लागतो.