ठाण्यावरची स्वारी आणि सवादची जमीन

अरबी इतिहासात ठाण्याचा अगदी आरंभीचा उल्लेख एका स्वारीचा आहे. नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सांगतो, की 636च्या सुमारास बहरीन-ओमानचा अंमलदार उस्मान बिन अबी अल-आस याने ठाण्यावर आरमार धाडले. खलिफा उमर यांना ते मुळीच रुचले नाही. फौज परतली, ठाण्याची जमीन कोणत्या वर्गात घालावी, हा प्रश्नच उरला नाही.

तो प्रश्न त्याच खलिफांपुढे इराकच्या सवाद प्रदेशात उभा राहिला. जिंकलेली शेते लुटीप्रमाणे आम्हाला वाटून द्या, असा सैनिकांचा आग्रह होता आणि बिलालसारखे जुने सहकारीही त्यांच्या बाजूचे होते. उमर यांचा सवाल रोकडा होता: आज सगळे वाटले, तर सरहद्दीवरच्या फौजा आणि पुढच्या पिढ्या कशावर जगणार? त्यांनी शेते कसणाऱ्यांकडेच ठेवली, मोजणी करवली आणि खराज बसवला. एका वृत्तांतानुसार गव्हाच्या जरीबाला 4 दिरहम, जवाच्या जरीबाला 2. जरीब हे तिथले क्षेत्रमाप.

पुढे या निर्णयावर फकिहांच्या पंथांत मतभेद झाले. मालिकी मते अशी जमीन आपोआप वक्फ होते. शाफिई म्हणतात, ती वाटलीच पाहिजे. सैनिकांनी राजीखुशीने हक्क सोडला तरच नाही. हनफी हा निर्णय राज्यकर्त्यावर सोपवतात. तहाने आलेल्या मुलखात मात्र तहाच्या अटीच चालतात.

खराजाखेरीज जमिनीवरचा दुसरा कर उश्र, म्हणजे मुसलमान शेतकऱ्याच्या उत्पन्नातला दहावा भाग. समजा, कल्याणजवळच्या एखाद्या खाचरात पावसावर 20 खंडी भात आले. ते उश्री असते तर 2 खंडी द्यावी लागली असती. तेवढेच भात रहाटाने पाणी ओढून वायंगणात पिकवले, तर 1 खंडी. पाणी ओढण्याचे कष्ट या निम्म्या दरातच धरलेले आहेत.

आता तेच खाचर खराजी आहे आणि त्याचा मालक मुसलमान झाला, असे समजा. हनफी मते खराज तसाच राहतो, त्यावर उश्र बसत नाही. इतर बहुतेक पंथ दोन्ही मागतात. खराज जमिनीला चिकटलेला ठेवला नसता, तर दर धर्मांतरागणिक वसूल घटला असता. उमय्यांच्या काळात हे घडलेच. इराकचा सुभेदार हज्जाज याने शहरात आलेल्या नवमुसलमान शेतकऱ्यांना परत गावी हाकलले, ते याचसाठी. धर्मापेक्षा तिजोरीची काळजी मोठी होती, असे मला वाटते.

ठरावीक खराजाचा खरा दोष वेगळाच होता. क्षेत्रावर बसलेली रक्कम पीक पाहत नाही. मालकाने मुद्दाम जमीन पडीक टाकली तरी ती देणे लागते. पुराने पीक गेले तर मात्र माफी. कोणते शेत आळसाने पडले आणि कोणते पाण्याने, हे ठरवायला प्रामाणिक पाहणी हवी, आणि नेमकी तीच कमी. म्हणून काझी अबू यूसुफ (मृत्यू 798) यांनी हारून अल्-रशीदसाठी लिहिलेल्या ‘किताब अल्-खराज’मध्ये पिकाच्या वाट्याची पद्धत, म्हणजे मुकासमा, सुचवली.

जवळपास नऊशे वर्षांनंतर औरंगजेबाने गुजरातचा दिवाण मुहम्मद हाशिम याला फर्मान धाडले. त्यातही हेच दोन प्रकार आहेत, ठरावीक आणि वाट्याचा. आणि वसुली निम्म्या उत्पन्नापलीकडे न्यायची नाही, असे बजावले आहे.