भाग ९ : तसबीर प्रेक्षकांच्या हातात

रंगमंचावरच्या पात्राला जे ठाऊक नाही ते खुर्चीतल्या प्रेक्षकाला ठाऊक असलं, की हसू येतं. पण नेमकं कशामुळे येतं? आज एकाच नाटकातला एकच प्रसंग घेऊन पाहू. नाटक गोविंद बल्लाळ देवलांचं, ‘संगीत संशयकल्लोळ’.

त्याचं मूळ फ्रान्समधलं. मोलिएरनं १६६० मध्ये ‘स्गानारेल’ नावाचा एकांकी फार्स रंगमंचावर आणला. त्यातली कल्पना घेऊन आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं आणि तिथून ती देवलांकडे आली. देवलांनी तिला पूर्ण मराठी केलं. पात्रांची नावंसुद्धा महिन्यांची आणि नक्षत्रांची ठेवली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती.

प्रसंग असा. रेवतीजवळ तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर आहे. तिला रस्त्यात भोवळ येते. जवळून जाणारे फाल्गुनराव तिला सावरतात. नेमकं तेवढंच त्यांची बायको कृत्तिका पाहते. या गडबडीत तसबीर खाली पडते आणि ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखत असताना फाल्गुनराव येतात आणि बायकोच्या हातात परक्या पुरुषाचं चित्र पाहतात. झालं! नवऱ्याला वाटतं बायकोचं बाहेर काहीतरी आहे, बायकोला वाटतं नवऱ्याचं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. इथं कुणीही खोटं बोललेलं नाही. कृत्तिकेनं पाहिलं ते खरं, फाल्गुनरावांनी पाहिलं तेही खरं. फौजेत मी चौकशी समित्यांवर बसलो आहे. तिथं पाच साक्षीदार पाच खऱ्या जबान्या देतात आणि तरी घडलेली घटना हाती लागत नाही, कारण प्रत्येकानं तिचा आपल्यापुरता तुकडाच पाहिलेला असतो. या नाटकात सगळे तुकडे क्रमानं पाहिलेला एकच साक्षीदार आहे, तो म्हणजे प्रेक्षक. आणि त्याला बोलायची मुभा नाही. हसू या कोंडीतून येतं.

म्हणून क्रम फार महत्त्वाचा. समजा, रेवतीची भोवळ आपल्याला दाखवलीच नाही आणि नाटक कृत्तिकेच्या हातातल्या तसबिरीपासून सुरू झालं. मग आपणही फाल्गुनरावांसारखेच कोड्यात पडू. शेवटी उलगडा झाल्यावर एकदा चकित होऊ, बस्स. आधी कळलं, तर पुढचं प्रत्येक वाक्य आपल्याला दोन अर्थांनी ऐकू येतं: बोलणाऱ्याचा अर्थ वेगळा आणि आपल्याला ठाऊक असलेला वेगळा.

यात एक धोका असतो. ‘अरे, सरळ विचारत का नाहीत?’ असं प्रेक्षकाच्या मनात आलं, की हसू थांबतं. देवलांकडे याचं उत्तर स्वभावात आहे. ही दोघं विचारतात, पण त्यांचा प्रश्नच आरोप होऊन बाहेर पडतो. आरोपाला उत्तर म्हणून उलट आरोपच येतो आणि खुलासा बाजूला राहतो. दुसरा धोका नटाकडून. आपल्याला विनोद कळला आहे असं त्यानं किंचितही दाखवलं, तर प्रेक्षकाचं जास्तीचं ज्ञान संपलं. फाल्गुनरावांचा संताप शंभर टक्के खरा वाटला पाहिजे.

पण प्रेक्षकाला जास्त ठाऊक असलं की हसूच येतं, असं नाही. याच देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’ केलं. ऑथेल्लोतही हरवलेली एक वस्तू आहे, हातरुमाल. तिथंही नवऱ्याचा संशय आहे आणि तिथंही आपल्याला सगळं माहीत आहे. तरी आपण हसत नाही. कारण तिथं सत्य जाणणारा एक माणूस, इयागो, रंगमंचावर आहे आणि तो रुमाल मुद्दाम नको तिथं पोचवतो. संशय एकाच बाजूनं आहे आणि निरपराध डेस्डेमोनापाशी बचावाचं बळ नाही. संशयकल्लोळात डाव रचणारा कुणी नाही, घोटाळा योगायोगाचा आहे. शिवाय नवरा-बायको एकमेकांना तोडीस तोड आहेत. जो संशय घेतो त्याच्यावरही संशय घेतला जातो, त्यामुळे पारडं समतोल राहतं. कुणाचा जीव जाणार नाही याची खात्री असली, की माणूस मोकळेपणानं हसतो.

गाठ सुटते कशी? मोलिएरनं ते काम एका दासीला दिलं आहे. चौघं भांडत असतात तेव्हा ती त्यांना थांबवते आणि एकेकाला ओळीनं विचारते, तुझी तक्रार नेमकी काय? चार उत्तरं एकापुढे एक ठेवली की घोटाळा संपतो. तिला हे जमतं, कारण तिथं तीच एकटी अशी आहे जिचं मन दुखावलेलं नाही.

पुढच्या वेळी हे नाटक पाहाल तेव्हा तसबिरीवर लक्ष ठेवा. ती ज्याच्या हातात जाईल, तो त्या क्षणापासून चुकायला लागतो.