नऊ ते पाचवरून पंधरा ते आठ

दिवाळीत कुणाच्या तरी अंगणातली ठिपक्यांची रांगोळी फोनवर येते. मध्ये एक फूल, भोवती सहा, सगळी एकमेकांना देठांनी जोडलेली. ती आवडते, पण आपल्या दारापुढची जागा मोठी असते, म्हणून फुलांचा आणखी एक वेढा हवा असतो. मग किती ठिपके काढायचे? रांगोळीच्या पुस्तकात चित्राखाली ‘९ ते ५’ असं छापलेलं असतं. फोटोखाली तसं काही नसतं, ते मोजूनच काढावं लागतं.

आधी पाहायचं ते ठिपके समोरासमोर आहेत की एकाआड एक. खालच्या ओळीतला ठिपका वरच्या ठिपक्याच्या बरोबर खाली आला असेल तर ते समोरासमोर. दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली आला असेल तर एकाआड एक. सहा पाकळ्यांची फुलं बहुधा या दुसऱ्या प्रकारात बसतात. त्यात मधली ओळ सर्वांत मोठी असते आणि वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी होत जातो. ‘९ ते ५’ म्हणजे मध्ये नऊ आणि दोन्ही टोकांच्या ओळींत पाच-पाच.

फोटो मात्र इथे फसवतो. तो उभ्याने, तिरका काढलेला असतो. त्यामुळे जवळच्या ओळी रुंद दिसतात, लांबच्या आक्रसतात, आणि जी ओळ सर्वांत लांब दिसते ती मधली असेलच असं नाही. म्हणून नजरेवर न जाता प्रत्येक ओळ मोजावी. रेषेखाली किंवा रंगाखाली गेलेले ठिपके शेजारच्या मोकळ्या ठिपक्यांमधलं अंतर धरून ओळखता येतात. सगळ्यात जास्त हुकतात ते फुलांच्या मध्यावरचे, कारण त्यांच्यावर हळद-कुंकू किंवा रंगाचा थेंब पडलेला असतो.

मोजणी बरोबर आली का, हे ताडायलाही सोय आहे. षटकोनी रांगोळीत मध्यबिंदूतून तीन दिशांना ओळी जातात, एक आडवी आणि दोन तिरप्या. तिन्हींत नऊच ठिपके यायला हवेत, आणि आडव्या ओळीही एकूण नऊच भराव्यात. ओळी आठ भरल्या तर एक नक्की निसटली आहे. बहुतेक वेळा ती फोटोतली सर्वांत वरची, बारीक दिसणारी ओळ असते. एकूण ठिपके काढायचे तर ५, ६, ७, ८ यांची बेरीज २६. ती दोनदा घेऊन ५२, त्यात मधले ९ मिळवले की ६१.

आता मोठी रांगोळी. इथे सर्वांत जास्त चूक होते ती ‘फुलांचा एक वेढा वाढवायचा, तर ठिपक्यांचाही एकच वेढा वाढवू’ असं धरल्यामुळे. तसं केलं तर ११ ते ६ होतात आणि नव्या फुलांच्या मध्याला ठिपकाच मिळत नाही. म्हणून फोटोत एका फुलाच्या मध्यापासून शेजारच्या फुलाच्या मध्यापर्यंत किती घरं आहेत ते मोजायचं. आपल्या रांगोळीत ती तीन आहेत. एक घर या फुलाच्या पाकळीचं, एक त्या फुलाच्या पाकळीचं आणि मधलं एक देठाचं.

मग हिशेब सरळ होतो. नव्या वेढ्यातली टोकाची फुलं मध्यापासून सहा घरांवर बसणार, आणि त्यांची पाकळी आणखी एक घर पुढे जाणार. म्हणजे मध्यबिंदूच्या प्रत्येक बाजूला सात ठिपके, मधल्या ओळीत सात, एक आणि सात मिळून १५. बाजू मध्यबिंदू धरून आठ ठिपक्यांची, म्हणून रांगोळी १५ ते ८ ची. ८ ते १४ ची बेरीज ७७, दुप्पट १५४, अधिक १५, असे १६९ ठिपके लागतील. त्यात सातऐवजी एकोणीस फुलं बसतात. १३ ते ७ वर थांबलं तर फुलांचे मध्य येतात, पण कडेच्या पाकळ्या तुटतात. त्याहून मोठी हवी असेल तर पुन्हा दर बाजूला तीन वाढवायचे, म्हणजे २१ ते ११.

फुलं तेवढीच, पण प्रत्येक फूल दुप्पट मोठं हवं असेल तर हिशेब वेगळा. तिथे ९ चे १८ करायचे नसतात. नऊ ठिपक्यांत घरं आठ असतात. ती दुप्पट झाली की सोळा, आणि सोळा घरांना ठिपके लागतात १७. रांगोळी होते १७ ते ९ ची, ठिपके २१७.

जमिनीवर उतरवताना अंतरही पाहावं. ठिपके चार सेंटिमीटरवर ठेवले तर १५ ते ८ ची मधली ओळ चौदा घरांची, म्हणजे ५६ सेंटिमीटर होते. ओळींमधलं अंतर मात्र चार नव्हे, साधारण साडेतीन सेंटिमीटर हवं. दोन्ही अंतरं सारखी ठेवली तर तिरप्या पाकळ्या आडव्यांपेक्षा लांब होतात आणि फुलं उभी ताणल्यासारखी दिसतात. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद लहान असेल तर तो सरकवताना नुसता कडेला कड लावू नये. आधी टाकलेल्या ठिपक्यांची शेवटची ओळ कागदाच्या पहिल्या भोकांखाली घ्यावी, म्हणजे ओळी वाकत नाहीत आणि मोजलेले १६९ ठिपके जागच्या जागी पडतात.