वीस लाखच का?

वाणिज्य शाखेच्या मुलांना व्यावसायिक संप्रेषणाच्या विषयात एक प्रकल्प बहुतेकदा असतोच. आपला एखादा उद्योग आहे असं धरायचं आणि खेळत्या भांडवलासाठी कर्ज मागणारं पत्र बँकेच्या व्यवस्थापकांना लिहायचं. नोकरीत असताना मी अशी खरी पत्रं वाचली, आणि आता निवृत्तीनंतर कॉलेजमधली ही लुटुपुटीची पत्रं तपासतो. पत्ता, दिनांक, विषय, मायना, सगळं जागच्या जागी असतं. मग मजकूर येतो : ‘व्यवसाय वाढवायचा असल्याने पाच लाख रुपयांचे कर्ज मंजूर करावे, ही नम्र विनंती.’ तोंडी परीक्षेत मी विचारतो, पाचच का? तीन का नाहीत, आठ का नाहीत? उत्तर ठरलेलं असतं : ‘सर, उदाहरण म्हणून घेतलेत.’

या पत्रातली खरी शिकण्याची गोष्ट तो आकडाच आहे. तो कुठून आला हे सांगता आलं की पत्र जवळजवळ आपोआप लिहून होतं.

आधी खेळतं भांडवल म्हणजे काय ते पाहू. यंत्रं, शेड, जागा यांत घातलेले पैसे वर्षानुवर्षं तिथेच राहतात. त्यासाठी बँक मुदत कर्ज देते आणि ते हप्त्याहप्त्यानं फेडायचं असतं. खेळतं भांडवल मात्र फिरतं. रोख पैशाचा कच्चा माल होतो, त्याचा पक्का माल होतो, मालाची उधारी होते आणि उधारी वसूल झाली की पुन्हा रोख हातात येते. ही एक फेरी पूर्ण होईपर्यंत जे पैसे अडकून पडतात, ते खेळतं भांडवल. मुलांच्या पत्रात ‘दोन नवी यंत्रं आणि कच्चा माल घेण्यासाठी’ असं एका दमात येतं, आणि तिथेच खरा व्यवस्थापक पत्र बाजूला ठेवतो. खेळत्या भांडवलाचे पैसे यंत्रात गेले की फिरायचे थांबतात आणि महिन्याभरात सुताला पैसे उरत नाहीत.

आता एक उद्योग घेऊ. सोलापुरात टेरी टॉवेल विणणारा छोटा कारखाना आहे असं समजू. परीक्षेतल्या रिवाजाप्रमाणे त्याचं नाव ‘अबक टेक्स्टाइल्स’. गेल्या वर्षीची विक्री १ कोटी, येत्या वर्षीचा अंदाज १ कोटी २० लाख, कारण हॉटेलं आणि रुग्णालयांना माल पुरवणाऱ्या दोन घाऊक व्यापाऱ्यांच्या लेखी ऑर्डरी हातात आहेत. आकडे माझे, मनानं धरलेले; गणिताची रीत मात्र बँकेचीच.

पहिलं काम म्हणजे दिवस मोजणं. गोदामात सूत सरासरी २० दिवस पडून असतं. मागावर, रंगणीत आणि शिलाईत मिळून १५ दिवस जातात. तयार टॉवेल गठ्ठे बांधून २५ दिवस थांबतात. विकल्यावर पैसे यायला ४५ दिवस लागतात. म्हणजे सुतात घातलेला रुपया १०५ दिवसांनी परत येतो. त्यातले १५ दिवस सूतवाला उधारीवर सांभाळतो, म्हणून आपल्या खिशावरचा भार ९० दिवसांचा.

मग या दिवसांचे रुपये करायचे. वर्ष ३६० दिवसांचं धरू. वर्षाला ७२ लाखांचं सूत लागतं, म्हणून २० दिवसांचं सूत ४ लाखांचं. अर्धवट मालात साडेतीन लाख आणि तयार मालात साडेसात लाख अडकतात. उधारी सगळ्यांत मोठी : १ कोटी २० लाखांच्या विक्रीवर ४५ दिवसांचे १५ लाख. एकूण ३० लाख. त्यातून सूतवाल्याचे १५ दिवसांचे ३ लाख वजा केले की २७ लाख उरतात. मालकाचे स्वतःचे ७ लाख धंद्यात आहेत. राहिले २० लाख. आकडा असा तयार होतो.

व्यवस्थापक हाच आकडा दुसऱ्या बाजूनं ताडून पाहतो. रिझर्व्ह बँकेनं १९९१ साली नेमलेल्या नायक समितीमुळे लघुउद्योगांसाठी एक सोपी रीत रूढ झाली. पाच कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आजही साधारण तीच लावतात. वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के रक्कम खेळत्या भांडवलाला लागते असं धरायचं. त्यातले ५ टक्के मालकानं घालायचे आणि २० टक्के बँकेनं द्यायचे. चौथा हिस्सा का, तर यामागे पैशाची फेरी तीन महिन्यांची असते असं गृहीत आहे. आपले ९० दिवस त्यात नेमके बसतात. या हिशेबानं ‘अबक’ला २४ लाखांपर्यंत मागता येतं.

मग २४ का मागू नयेत? कारण मंजूर झालेली मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम वेगवेगळी असते. कॅश क्रेडिट खात्यात दरमहा मालाचं आणि उधारीचं विवरणपत्र द्यावं लागतं. त्या मालातून सूतवाल्याचं देणं वजा होतं, उरलेल्यावर बँक मार्जिन ठेवते, आणि जे राहील तेवढीच उचल मिळते. त्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. मार्जिन बँकेगणिक बदलतं आणि उधारीवर जास्तही असतं. इथे सरसकट २५ टक्के धरू. २७ लाखांचे पाऊणपट म्हणजे २० लाख २५ हजार. वरचे पावणेचार लाख मंजूर होऊनही कागदावरच राहिले असते. वीस मागणाऱ्याला आपला धंदा ठाऊक आहे, हे व्यवस्थापकाला इथेच कळतं.

आता पत्र पाहा.

दिनांक : …
प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
… बँक, … शाखा, सोलापूर.

विषय : २० लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा मिळण्याबाबत.

महोदय,

आमचा टेरी टॉवेल विणण्याचा लघुउद्योग असून आमचे चालू खाते आपल्या शाखेत आहे. उद्योगाची उद्यम नोंदणी झालेली आहे. गेल्या वर्षी आमची विक्री १ कोटी रुपये झाली. हाती असलेल्या लेखी ऑर्डरींनुसार येत्या वर्षी ती १ कोटी २० लाख होईल असा अंदाज आहे.

सध्या आम्ही सूत ९० दिवसांच्या उधारीवर घेतो. १५ दिवसांत पैसे देणाऱ्यापेक्षा आम्हाला ते सुमारे ५ टक्के महाग पडते. मर्यादा मिळाल्यास आम्ही सूत १५ दिवसांच्या बोलीवर घेऊ.

वाढलेल्या विक्रीसाठी माल व उधारी मिळून ३० लाख रुपये लागतील. त्यापैकी ३ लाख सूत व्यापाऱ्याची उधारी व ७ लाख आमचे स्वतःचे भांडवल असेल. उरलेल्या २० लाखांसाठी ही विनंती आहे. ही रक्कम केवळ सूत, रंगणी व मजुरी यांसाठी वापरली जाईल.

माल व येणी आम्ही तारण देऊ आणि दरमहा १० तारखेच्या आत विवरणपत्र सादर करू. विक्रीची सर्व रक्कम याच खात्यात जमा होईल.

सोबत तीन वर्षांचे ताळेबंद, प्राप्तिकर व जीएसटी विवरणपत्रे, ऑर्डरींच्या प्रती आणि येत्या वर्षाचा अंदाजी हिशेब जोडला आहे. चर्चेसाठी व कारखाना पाहण्यासाठी आपण सांगाल ती वेळ आम्हाला सोयीची राहील.

आपला विश्वासू,
(मालक, अबक टेक्स्टाइल्स)

पत्र एका पानात बसतं. त्यात घरची अडचण नाही, बँकेची स्तुती नाही, ‘उपकृत करावे’ नाही. विषयाच्या ओळीतच रक्कम आणि कर्जाचा प्रकार आहे, त्यामुळे पत्र कोणाच्या टेबलावर जायचं ते पाकीट उघडताच ठरतं. दिवसांचा तक्ता पत्रात कोंबलेला नाही, तो सोबतच्या हिशेबात आहे.

त्यातला सर्वांत बोलका परिच्छेद सुताच्या भावाचा. ७२ लाखांच्या सुतावर ५ टक्के वाचले तर वर्षाला ३ लाख ६० हजार वाचतात. व्याज ११ टक्के धरलं आणि पूर्ण २० लाख वर्षभर वापरले, तरी व्याज २ लाख २० हजार होतं. कर्ज घेतल्यानं खर्च कमी होतो आहे, हे व्यवस्थापक पेन्सिलीनं मांडून पाहू शकतो. शिवाय कॅश क्रेडिटमध्ये जितके दिवस जितकी रक्कम वापरली तितक्यावरच व्याज लागतं. उधारी वसूल होऊन खात्यात आली की व्याजाचा भार उतरतो.

‘व्यवसाय वाढवायचा आहे’ या वाक्यात असं मांडून पाहण्यासारखं काहीच नसतं.

हिशेब बिघडतो तो बहुधा उधारीत. एका व्यापाऱ्यानं ४ लाख रुपये चार महिने थकवले असं समजा. ९० दिवसांहून जुनी उधारी बँका सहसा धरत नाहीत. ते ४ लाख गळले की उचलता येणारी रक्कम ३ लाखांनी घटून १७ लाख २५ हजारांवर येते. आधीच पूर्ण २० लाख उचललेले असतील तर पावणेतीन लाख भरायची वेळ येते, तीही नेमकी पैसे अडकलेले असताना. कारखान्यात माग चालूच असतात, ऑर्डरी असतात, आणि तरी मजुरीला पैसे नसतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. पण थकवणारा आपला मोठा गिऱ्हाईक असला की त्याच्याकडे कायद्याचं नाव काढणं जिवावर येतं. म्हणून मुलाखतीत व्यवस्थापक हटकून विचारतो : तुमचा सर्वांत मोठा व्यापारी किती दिवसांनी पैसे देतो? ४५ दिवस हा आकडा जुन्या बिलांवरून काढला असेल तर उत्तर तयार असतं. अंदाजानं लिहिला असेल तर पहिल्याच प्रश्नाला सगळा डोलारा हलतो.

यंदा मुलांना पत्र लिहायला सांगण्याआधी मी एक काम दिलं. गावातल्या एका खऱ्या दुकानात किंवा कारखान्यात जाऊन चारच गोष्टी विचारून यायच्या : कच्चा माल किती दिवस पडून असतो, तयार व्हायला किती दिवस लागतात, विकायला किती आणि पैसे यायला किती. एक मुलगी तिच्या काकांच्या बेकरीत गेली. पाव रोजच्या रोज विकला जातो आणि पैसेही बहुतेक रोख येतात, असं तिला दिसलं. मैदा आठवड्याचा भरतात आणि त्याचे पैसे पंधरा दिवसांनी देतात. तिनं पत्राऐवजी अर्ध्या पानाची टीप आणून दिली : ‘काकांचा पैसा मैदेवाल्याच्या उधारीतच फिरतो. त्यांना खेळत्या भांडवलासाठी कर्ज लागत नाही. भट्टी बदलायची आहे, त्यासाठी मुदत कर्ज मागावे लागेल.’

त्या प्रकल्पाला मी पूर्ण गुण दिले.