जाहिरात पाहताना मनात काय येते?

१९४१ साली न्यूयॉर्कमध्ये एका रेडिओ-स्टुडिओत काही श्रोते कार्यक्रम ऐकत बसले होते. प्रत्येकाजवळ एक हिरवे व एक लाल बटण होते. कार्यक्रम आवडला की हिरवे दाबायचे, आवडला नाही की लाल. हा प्रयोग पॉल लाझार्सफेल्ड यांचा होता. त्यांचे पाहुणे, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन, हे पाहत होते. बटणांवरून आवड कळते, पण कारण कळत नाही. म्हणून कार्यक्रमानंतर श्रोत्यांशी चर्चा होई. प्रश्न विचारणारा नकळत उत्तरही सुचवतो, हे मर्टन यांच्या लक्षात आले. मग पुढच्या गटाशी ते स्वतः बोलले. यातूनच पुढे ‘केंद्रित गटचर्चा’ ही पद्धत वाढली.

अशी चर्चा आपल्याकडेही करता येईल. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी हे गाव आहे. समजा, तेथील मुली जाहिरातीचा काय अर्थ लावतात, हे आपल्याला पाहायचे आहे. जाहिरात दुधात घालायच्या पावडरीची आहे. एक मुलगा ते दूध पितो आणि उंच होतो. पांढरा कोट घातलेला माणूस मान डोलावतो. खाली बारीक अक्षरांत एक ओळ क्षणभर दिसते.

आधी तयारी करावी. तेरा-चौदा वर्षांच्या आठ मुली निवडाव्यात. वयात फार अंतर असेल, तर लहान मुली मोठ्यांपुढे बोलत नाहीत. सगळ्या एकाच बाकावरच्या मैत्रिणी नसाव्यात. पालकांची परवानगी घ्यावी. वर्गशिक्षकांनी चर्चा चालवू नये, कारण त्यांच्यापुढे मुली ‘बरोबर’ उत्तर शोधू लागतात. सर्वांनी गोल बसावे. एकीने चर्चा चालवावी, दुसरीने टिपणे घ्यावीत. सर्वांना विचारून आवाजही ध्वनिमुद्रित करावा. पाऊण तास पुरेसा होतो.

जाहिरात दोनदा दाखवावी. नंतर लगेच चर्चा सुरू करू नये. प्रत्येकीने एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात : “या जाहिरातीत काय सांगितले आहे? तुला काय वाटले?” या चिठ्ठ्यांचा उपयोग पुढे कळेल.

प्रश्न मोकळे असावेत. “ही जाहिरात खोटी आहे ना?” असे विचारले, तर सगळ्या “हो” म्हणतील. त्याऐवजी “कोट घातलेला माणूस कोण असावा?” असे विचारावे. कोणी म्हणेल, “डॉक्टर.” मग विचारावे, “हे कशावरून कळले?” जाहिरातीत तो डॉक्टर आहे असे कोणी म्हटलेलेच नाही! अर्थ कोटाने दिला, शब्दांनी नाही. उत्तर लगेच आले नाही, तर थोडे थांबावे. एकच मुलगी सारखी बोलत असेल, तर “आता या बाजूच्या काय म्हणतात?” असे म्हणून वळण द्यावे.

आता समजा, आठपैकी पाच चिठ्ठ्यांवर “पावडरीने उंची वाढते” असे लिहिले आहे. चर्चेत एक धीट मुलगी म्हणाली, “हा सगळा अभिनय आहे.” हळूहळू सात जणी तेच म्हणू लागल्या. अहवालात “सात मुलींना जाहिरात पटली नाही” असे लिहिले, तर ते चुकीचे ठरेल. चिठ्ठी वेगळेच सांगते. म्हणून चर्चेतच विचारावे, “आधी काय वाटले होते? काय ऐकून मत बदलले?” खरा निष्कर्ष असा असू शकेल : एकटीने पाहताना दावा पटला, मैत्रिणीने शंका काढल्यावर तो तपासला गेला. काही मुली केवळ लाजून “हो” म्हणाल्या असतील, तर तेही नोंदवावे.

त्याच दिवशी ध्वनिमुद्रण ऐकून बोलणे जसेच्या तसे लिहून काढावे. सारख्या विचारांच्या वाक्यांना सारखी खूण करावी. आपल्या मताविरुद्ध जाणारी वाक्ये मुद्दाम शोधावीत. “मी फसणार नाही, पण माझा लहान भाऊ फसेल,” अशी वाक्ये आली, तर ती वेगळी ठेवावीत. आपल्यापेक्षा दुसरा लवकर फसतो, असे पुष्कळांना वाटते.

अहवालात चार गोष्टी क्रमाने याव्यात : गट कसा निवडला, काय विचारले, मुली काय म्हणाल्या आणि त्यावरून आपल्याला काय वाटते. शेवटच्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. मुलींची नावे देऊ नयेत. आठ मुलींवरून सगळ्या हिंगणीची टक्केवारी काढू नये. ‘किती जण’ हे मोठी पाहणी सांगते. ‘का आणि कसे’ हे गटचर्चा सांगते. तिचे म्हणणे पक्के करायचे असेल, तर मुलांचा एक आणि मुलींचा आणखी एक गट घेऊन पाहावा.

शब्दार्थ
दावा – खरे आहे असे ठासून सांगणे
निष्कर्ष – विचारांती काढलेले अनुमान
टिपण – थोडक्यात केलेली नोंद
धीट – न घाबरणारी

स्वाध्याय
१. चर्चेआधी चिठ्ठ्या का लिहून घ्याव्यात?
२. “ही जाहिरात खोटी आहे ना?” हा प्रश्न का टाळावा?
३. तुम्ही पाहिलेल्या एका जाहिरातीवर तीन मोकळे प्रश्न तयार करा.