चिठ्ठी नेमकी अडली कुठे? अभ्यासिकेतला इंटरनेटचा तास

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान उघडले नाही की मुले "नेट गेलं" म्हणत उठून जातात. बऱ्याचदा नेट गेलेले नसते, फक्त साइटच्या नावाचा पत्ता मिळालेला नसतो. हा फरक कळावा म्हणून आम्ही आठवी-नववीच्या मुलांचा चाळीस मिनिटांचा टपालाचा खेळ घेतो.

सुरुवात पिनकोडने. महाडचा ४०२३०१, नागपूर जीपीओचा ४४०००१. महाडच्या पोस्टात नागपूरच्या गल्ल्या कुणाला ठाऊक नसतात. सुरुवातीचे ४४ पाहून थैली त्या दिशेला लावली की त्यांचे काम झाले. राऊटरही असाच. तो आयपी पत्त्याचा पुढचा भाग पाहतो आणि चिठ्ठी शेजारच्या राऊटरकडे सरकवतो. संपूर्ण वाट कोणालाच माहीत नसते.

सहा मुले राऊटर होतात. प्रत्येकाच्या हातात कार्ड: "४४ असेल तर उजवीकडे, ४० असेल तर डावीकडे, बाकी सगळे मागे." दोन कार्डे आम्ही मुद्दाम चुकीची, एकमेकांकडे बोट दाखवणारी देतो. चिठ्ठी दोघांतच फिरत राहते आणि वर्ग हसतो. मग चिठ्ठीच्या कोपऱ्यात १० लिहायचे. प्रत्येक राऊटरने एक कमी करायचा, शून्य झाले की फाडायची. खऱ्या पाकिटावरही असा आकडा असतो, त्याला टीटीएल म्हणतात.

आता डीएनएस. एका मुलीकडे नाव आणि क्रमांक लिहिलेली वही. चिठ्ठीवर क्रमांकच चालतो, म्हणून नाव माहीत असलेल्याने आधी तिला विचारायचे. तिचा स्वतःचा क्रमांक मात्र सर्वांकडे आधीपासून हवा, नाहीतर विचारणार कसे? मग आम्ही तिला हळूच वर्गाबाहेर पाठवतो. ज्यांनी क्रमांक तळहातावर लिहून घेतला त्यांच्या चिठ्ठ्या पोचतात. इतरांचे अडते, रस्ता पूर्ण मोकळा असूनही!

हेच मग संगणकावर दाखवायचे:

```
ping 8.8.8.8
ping maharashtra.gov.in
```

पहिल्याला उत्तर आले आणि दुसऱ्याला `could not find host` आले, तर वहीवाली गैरहजर आहे. राऊटर बंद करून चालू करावा, नाहीतर डीएनएसच्या जागी 8.8.8.8 घालावे. ती वही गूगलची आहे, नि तिचा पत्ता साधा क्रमांक आहे. नावाचा क्रमांक मिळाला, पण उत्तर नाही, तर वही ठीक आहे. त्यावरून साइट बंद आहे असे मात्र ठरवू नये, कारण बरेच सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. दोन्हीकडून काहीच आले नाही तरच रस्त्यावर शंका घ्यावी.

टपालाची उपमा एका ठिकाणी तुटते, तेही आम्ही सांगतो. पिनकोड गावाला चिकटलेला असतो, आयपी पत्ता जोडणीला. तोच फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की पत्ता बदलतो. मुले फोनच्या सेटिंगमध्ये तो आधी आणि नंतर वहीत उतरवून घेतात.