डावा हात डावाच राहावा म्हणून

ब्लेंडरमध्ये घडवलेली बाहुली युनिटी या गेम इंजिनात नेली की कधी ती आडवी पडते, कधी पाठमोरी उभी राहते, तर कधी तिच्या डाव्या मनगटावरचे घड्याळ उजव्या मनगटावर जाते. या तिन्ही दोषांचे मूळ एकच आहे: दोन्ही ठिकाणचे अक्ष वेगळ्या पद्धतीने मांडलेले असतात.

अंगठा म्हणजे X, तर्जनी म्हणजे Y आणि मधले बोट म्हणजे Z असे धरून ही तीन बोटे एकमेकांना काटकोनात ताणली, की उजव्या हातावर एक मांडणी दिसते आणि डाव्या हातावर तिचे आरशातले प्रतिबिंब. ब्लेंडरची मांडणी उजव्या हाताची आहे. तिथे Z वर जातो आणि बाहुलीचे तोंड उणे Y कडे ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिची डावी बाजू अधिक X कडे येते. युनिटीची मांडणी डाव्या हाताची. तिथे Y वर, Z पुढे आणि X उजवीकडे असतो.

म्हणजे बाहुलीचे 'वर', 'पुढे' आणि 'डावीकडे' हे दोन्हीकडे जुळायला हवेत. ब्लेंडरचा z युनिटीचा y होतो, उणे y हा z होतो आणि x चे चिन्ह बदलते:

```
(x, y, z) → (-x, z, -y)
```

बाहुलीचे घड्याळ ब्लेंडरमध्ये (0.6, -0.1, 1.2) या बिंदूवर आहे असे समजू. युनिटीत ते (-0.6, 1.2, 0.1) येथे येते: डावीकडे ०.६, उंचीवर १.२ आणि किंचित पुढे. घड्याळ डाव्या हातातच राहिले.

सूत्र बरोबर आहे का, हे मोजून ठरवता येते. दोन अक्षांची अदलाबदल किंवा एका अक्षाचे चिन्ह बदलणे, या प्रत्येक कृतीने हात बदलतो. वरच्या सूत्रात एक अदलाबदल आणि दोन चिन्हबदल आहेत. एकूण तीन, म्हणजे विषम, म्हणून उजवा हात डावा झाला. (x, z, -y) या सूत्रात अशा दोनच कृती आहेत. ते X भोवतीचे ९० अंशांचे निव्वळ फिरवणे आहे. त्याने बाहुली उभी राहील, पण आरशातली दिसेल. (x, z, y) मध्ये एकच कृती आहे, त्यामुळे हात बदलतो आणि प्रतिबिंब होत नाही, पण बाहुली पाठमोरी उभी राहते. हात आणि तोंडाची दिशा या दोन्हींची तपासणी म्हणूनच स्वतंत्रपणे करावी लागते.

बिंदू जागेवर आले तरी त्रिकोणांचा प्रश्न उरतो. त्रिकोणाची दर्शनी बाजू त्याचे बिंदू कोणत्या क्रमाने येतात यावरून ठरते. ब्लेंडरमध्ये बाहेरून पाहताना हा क्रम घड्याळाच्या उलट असतो, युनिटीला तो घड्याळाच्या दिशेने लागतो. योग्य रूपांतरात आकार तसाच राहतो, म्हणून बाहेरून दिसणारा क्रमही तसाच राहतो. तो उलटवण्यासाठी प्रत्येक त्रिकोणातील दोन बिंदूंची जागा बदलावी लागते. हे राहून गेले, तर पुढचे पृष्ठभाग गायब होतात आणि वस्तूच्या आतली बाजू दिसू लागते.

सर्वांत जास्त चुका फिरण्यात होतात. अक्षाला वरचे सूत्र लावले म्हणजे काम संपत नाही. हात बदलल्यामुळे कोनाचे चिन्हही बदलते. ब्लेंडरमध्ये Z भोवती अधिक ९० अंश फिरवलेली बाहुली स्वतःच्या डावीकडे वळते. युनिटीत Y भोवती अधिक ९० अंश म्हणजे उजवीकडे वळणे, म्हणून तिथे उणे ९० हवेत. फिरणे क्वाटर्नियनमध्ये साठवलेले असेल, तर हे दोन्ही बदल मिळून असे होतात:

```
(x, y, z, w) → (x, -z, y, w)
```

X, Y, Z चे तीन कोन सुटे घेऊन त्यांची चिन्हे बदलण्याचा मार्ग टाळावा. ब्लेंडर सहसा X, Y, Z या क्रमाने फिरवते, तर युनिटी Z, X, Y या क्रमाने. एकाच अक्षावरच्या वळणात ही चूक लपते आणि दोन अक्ष एकत्र आले की सांधे वेडेवाकडे वळतात. आधी क्वाटर्नियन करून मग रूपांतर केले, की हा धोका राहत नाही. हाडे आणि हालचालींच्या नोंदी यांनाही हाच नियम लावावा लागतो, नाहीतर स्थिर बाहुली नीट दिसते आणि चालू लागताच मोडते.

मूळ वस्तूला उणे १ मापन देऊन प्रतिबिंब दुरुस्त करण्याची सवय आढळते. चित्र तेवढ्यापुरते बरे दिसते, पण ते उणे मापन पुढच्या प्रत्येक जोडलेल्या वस्तूच्या गणितात शिरते. बदल बिंदूंमध्येच करणे योग्य.

तपासणीसाठी सममित मॉडेल निरुपयोगी ठरते, कारण चेंडू किंवा साधी खुर्ची आरशातही तशीच दिसते. छातीवर 'क' अक्षर, एकाच मनगटावर घड्याळ आणि दोन अक्षांवर एकदम वळणारी मान असलेली बाहुली घ्यावी. अक्षर उलटे दिसले तर हात चुकला, पाठ दिसली तर दिशा चुकली, पृष्ठभाग गायब झाले तर त्रिकोणांचा क्रम चुकला आणि मान भलतीकडे वळली तर फिरण्याचे रूपांतर चुकले.